बारा गुणांची मुले, सोळा गुणांची मुले

समजा, एका शाळेत सहावीच्या दोन तुकड्या आहेत. ‘अ’ तुकडीला अपूर्णांक नव्या पद्धतीने शिकवले, ‘ब’ तुकडीला नेहमीच्या. दीड महिन्याने दोन्ही तुकड्यांची तीस गुणांची चाचणी घेतली. ‘अ’ची सरासरी आली १८ आणि ‘ब’ची १९. नवी पद्धत काही कामाची नाही, असे म्हणून विषय तिथेच मिटला असता. पण शिकवायला सुरुवात करण्याआधी शिक्षिकेने तशीच एक चाचणी घेऊन ठेवली होती. त्या पूर्वचाचणीत ‘अ’ची सरासरी होती १२ आणि ‘ब’ची १६.

आता चित्र पालटते. ‘अ’ तुकडी १२ वरून १८ वर गेली, म्हणजे सहा गुणांनी वाढली. ‘ब’ १६ वरून १९ वर गेली, म्हणजे तीनच गुणांनी. गुणपत्रक तेच, पण एका वाचनात नवी पद्धत एका गुणाने मागे आहे आणि दुसऱ्या वाचनात तीन गुणांनी पुढे. बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांत आणि शाळांच्या कृतिसंशोधनाच्या अहवालांत हे दोन्ही हिशेब सर्रास दिसतात. कोणता निवडला जाईल, हे पुष्कळदा कोणता सोयीचा आहे यावर ठरते.

संख्याशास्त्रात यासाठी तिसरा एक हिशेब आहे. त्याचे पुस्तकी नाव सहप्रचरण विश्लेषण, आणि संशोधक बोलताना सरळ ‘अँकोव्हा’ म्हणतात. वरच्या दोन तुकड्यांबद्दल अँकोव्हाचे उत्तर असे की नवी पद्धत १.४ गुणांनी पुढे आहे. हा १.४ कुठून आला आणि त्याच्यावर केव्हा विश्वास ठेवायचा नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखे आहे. वाचकाला स्वतः पडताळता यावे म्हणून मी प्रत्येक तुकडीत पाचच मुले घेतली आहेत आणि त्यांचे गुण हिशेबाच्या सोयीसाठी रचले आहेत.

‘अ’ तुकडीतल्या पाच मुलांचे पूर्वचाचणीतले गुण ८, १०, १२, १४ आणि १६. त्याच क्रमाने त्यांचे उत्तरचाचणीतले गुण १५, १७, १७, २१ आणि २०. ‘ब’ तुकडीचे पूर्वचाचणीतले गुण १२, १४, १६, १८, २० आणि उत्तरचाचणीतले १७, १७, २०, २१, २०.

सरासरी क्षणभर बाजूला ठेवू आणि जोड्या लावून पाहू. पूर्वचाचणीत १२ गुण मिळवणारे मूल दोन्ही तुकड्यांत आहे आणि दोघांनाही नंतर १७ मिळाले. १४ गुणांचे मूलही दोन्हीकडे आहे, तिथे ‘अ’मधल्याला २१ आणि ‘ब’मधल्याला १७. १६ गुणांच्या दोघांनाही २०. म्हणजे जिथे सुरुवात सारखी होती अशा तीन जोड्यांत ‘अ’ची आघाडी अनुक्रमे शून्य, चार आणि शून्य, सरासरीने साधारण १.३. अँकोव्हाला हेच करायचे असते, म्हणजे सारख्या सुरुवातीच्या मुलांची सारख्यांशी तुलना. फक्त ते तीन जोड्यांवर थांबत नाही. ८ गुणांच्या मुलाला ‘ब’मध्ये जोडीदार नाही, २० गुणांच्या मुलाला ‘अ’मध्ये नाही. त्यांचीही माहिती वापरता यावी म्हणून ते एका रेषेची मदत घेते.

ती रेषा एवढेच सांगते की एकाच तुकडीत, एकाच पद्धतीने शिकलेल्या मुलांमध्ये, पूर्वचाचणीतला एक गुण जास्त असेल तर उत्तरचाचणीत सरासरी किती जास्त मिळतो. ‘अ’ तुकडीत प्रत्येक मूल आपल्या तुकडीच्या सरासरीपासून किती लांब आहे ते मांडू. पूर्वचाचणीत ही अंतरे −४, −२, ०, २, ४ आहेत आणि उत्तरचाचणीत −३, −१, −१, ३, २. जोडीजोडीने गुणाकार केले तर १२, २, ०, ६, ८ मिळतात, बेरीज २८. पूर्वचाचणीतल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४०. भागाकार ०.७. ‘ब’ तुकडीत तोच हिशेब केला की २० भागिले ४०, म्हणजे ०.५ येतो. दोन्ही तुकड्यांच्या बेरजा एकत्र केल्या की ४८ भागिले ८०, म्हणजे ०.६. हा रेषेचा चढ.

इथे एक चूक वारंवार होते. तुकड्यांचा भेद विसरून दहाही मुले एकत्र टाकली आणि चढ काढला, तर तो ०.४८ येतो. तो वापरायचा नसतो, कारण त्यात नव्या पद्धतीचा परिणामही मिसळलेला असतो. ज्या गोष्टीचे माप घ्यायचे आहे तीच मापाच्या पट्टीत शिरते. चढ तुकडीच्या आत काढायचा, आणि मग तो तुकड्यांच्या तुलनेसाठी वापरायचा.

आता १.४ सरळ निघतो. ‘ब’ तुकडी सुरुवातीलाच चार गुणांनी पुढे होती. प्रत्येक गुण पुढे ०.६ इतका उरतो, म्हणून पद्धतीत काहीच फरक नसता तरी उत्तरचाचणीत ‘ब’ने ४ गुणिले ०.६, म्हणजे २.४ गुणांनी पुढे असायला हवे होते. प्रत्यक्षात ती एकाच गुणाने पुढे आहे. २.४ मधून १ वजा केला की १.४ उरतो, आणि हे श्रेय नव्या पद्धतीकडे जाते. अहवालात हेच ‘समायोजित सरासरी’ म्हणून मांडतात. पूर्वचाचणीची सगळ्या मुलांची मिळून सरासरी १४ आहे. दोन्ही तुकड्या १४ वर असत्या तर काय झाले असते, असा प्रश्न विचारायचा. ‘अ’ दोन गुणांनी खाली होती, म्हणून तिच्या १८ मध्ये १.२ मिळवायचे आणि १९.२ लिहायचे. ‘ब’ दोन गुणांनी वर होती, म्हणून तिच्या १९ मधून १.२ वजा करून १७.८. ही १९.२ किंवा १७.८ सरासरी प्रत्यक्षात कुठल्याही वर्गात पडलेली नाही. ते ‘असते तर’चे आकडे आहेत आणि तसेच वाचले पाहिजेत.

पहिले दोन हिशेबही आता नीट ओळखू येतात. केवळ उत्तरचाचणीच्या सरासऱ्यांची तुलना करणारा माणूस नकळत चढ शून्य धरतो. सुरुवातीच्या फरकातले पुढे काहीच उरत नाही, असे तो म्हणत असतो. गुणवाढीची तुलना करणारा चढ एक धरतो, म्हणजे सुरुवातीचा चार गुणांचा फरक जसाच्या तसा चार गुणांचा राहणार, असे. मुलांच्या गुणांना विचारले तर ते ०.६ सांगतात.

चढ सहसा एकापेक्षा कमी का येतो? तीसपैकी २० गुण मिळवणाऱ्या मुलांत काही खरोखर तयार असतात, आणि काहींना त्या दिवशी ओळखीची उदाहरणे आलेली असतात किंवा दोन अंदाज बरोबर लागलेले असतात. दुसऱ्या चाचणीत तयारी टिकते, नशीब तसेच टिकत नाही. ८ गुणांवर पडलेल्या मुलाचेही तसेच. त्याचा एखादा वाईट दिवस पुढच्या वेळी पुन्हा येईलच असे नाही. म्हणून वरची मुले थोडी खाली आणि खालची थोडी वर सरकतात, काहीही न शिकवता. जी तुकडी खालून सुरू झाली तिची गुणवाढ मोठी दिसण्यामागे ही सरकही असू शकते. गुणवाढीची तुलना तिला वेगळी काढत नाही. कच्च्या मुलांना निवडून उपचारात्मक वर्ग घ्यायचा आणि मग त्यांची प्रगती इतरांपेक्षा जास्त झाली असे म्हणायचे, या प्रकारच्या दाव्यांकडे म्हणूनच फार सावधपणे पाहावे लागते.

ही रीत शाळेत जन्मली नाही. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी ती मांडली. त्यांचे संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९२५ साली निघाले आणि १९३२ च्या चौथ्या आवृत्तीत सहप्रचरण विश्लेषणाची भर पडली. उदाहरण घेतले होते सिलोनमधल्या चहाच्या मळ्यातल्या सोळा वाफ्यांचे. चहाचे झुडूप वर्षानुवर्षे तिथेच उभे असते. प्रयोग सुरू होण्याआधी त्याच वाफ्याने किती पाला दिला होता, हे मोजता येते. काही वाफे मुळातच जोमदार, काही रोडके. खताचा परिणाम पाहायचा तर हा जुना जोम हिशेबातून काढून टाकायला हवा. आधीचे उत्पन्न म्हणजे वाफ्याची पूर्वचाचणीच. भारतात ही रीत कृषिसंशोधकांच्या हाती दिली ती वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने. कृषी महाविद्यालयांत शिकलेल्यांना ती नावे सांगावी लागत नाहीत.

फिशर यांच्या प्रयोगपद्धतीत कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठी टाकून ठरत असे. म्हणजे दोन्ही बाजू सुरुवातीला साधारण सारख्याच असणार. मग समायोजन कशाला? तर अचूकतेसाठी. हा फायदा शिक्षणसंशोधनात दुर्लक्षिला जातो, म्हणून आपल्याच आकड्यांवर तो दाखवतो. उत्तरचाचणीत प्रत्येक मूल आपल्या तुकडीच्या सरासरीपासून किती लांब आहे त्याचे वर्ग करून बेरीज घेतली तर दोन्ही तुकड्यांची मिळून ३८ येते. ही मुलामुलांतली चढउतार, तिच्या गोंगाटातून पद्धतीचा परिणाम ऐकायचा असतो. पूर्वचाचणीची रेषा या ३८ पैकी २८.८ चा खुलासा करते, उरतात ९.२. तीन चतुर्थांश गोंगाट ओसरला. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांचा सहसंबंध ०.७ इतका असेल, आणि शाळेच्या चाचण्यांत तो तेवढा असणे अगदी शक्य आहे, तर न उलगडलेली चढउतार जवळजवळ निम्मी होते. म्हणजे तेवढ्याच अचूकतेच्या निष्कर्षासाठी साधारण निम्मी मुले पुरतात. एका पूर्वचाचणीच्या खर्चात हे मिळते.

पण गट सुरुवातीला असमान असतील तर या फायद्यातून किंमत कापली जाते. आपल्या उदाहरणात साध्या फरकाची प्रमाण त्रुटी १.३८ होती, समायोजित फरकाची ती ०.८९ वर आली. दोन्ही तुकड्यांची पूर्वचाचणीची सरासरी सारखी असती तर ती ०.७३ वर आली असती. चार गुणांच्या दरीवरून पूल बांधावा लागला, त्याची ही किंमत. आणि ०.८९ ही त्रुटी दहा मुलांच्या हिशेबात घेतली तर खरा परिणाम ९५ टक्के विश्वासाने साधारण −०.७ ते ३.५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे इतक्या थोड्या मुलांवरून नवी पद्धत चांगली असे सिद्ध झालेले नाही. अहवालात समायोजित सरासऱ्या ठळक अक्षरांत आणि ही पट्टी गाळलेली, असे दिसले तर वाचकाने ती मागावी.

शाळेतल्या प्रयोगांत याहून खोल एक अडचण असते. मुले एकेकटी चिठ्ठी टाकून वाटलेली नसतात, अख्खी तुकडीच एका पद्धतीला दिलेली असते. ‘अ’ला शिकवणारी शिक्षिका ‘ब’च्या शिक्षिकेपेक्षा चांगली असेल, ‘अ’चा तास सकाळचा आणि ‘ब’चा शेवटचा असेल, तर तोही परिणाम त्या १.४ मध्ये बसलेला आहे. पूर्वचाचणी मुलांमधला फरक सांगते, शिक्षिकांमधला नाही. प्रत्येक तुकडीत पन्नास मुले घेतली तरी तुकड्या दोनच राहतात. संगणक मात्र शंभर स्वतंत्र मुले असल्यासारखा हिशेब करून अतिशय आत्मविश्वासाचे उत्तर देतो.

चिठ्ठी टाकलेली नसताना अँकोव्हा किती फसवू शकते, याचा १९६७ साली छापलेला दोन पानी दाखला प्रसिद्ध आहे. लिहिणारे फ्रेडरिक लॉर्ड, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षासंस्थेतले. त्यांनी एक विद्यापीठ कल्पिले. भोजनगृहातल्या आहाराचा मुलामुलींच्या वजनावर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे. सप्टेंबरमध्ये वजन घेतले, जूनमध्ये पुन्हा घेतले. मुलग्यांची सरासरी जूनमध्ये तीच, मुलींचीही तीच. पहिला संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, कोणाच्याच वजनात सरासरीने फरक नाही, परिणाम शून्य. दुसरा अँकोव्हा करतो आणि म्हणतो, सप्टेंबरमध्ये सारखे वजन असलेले मुलगा आणि मुलगी घेतले तर जूनमध्ये मुलगा जास्त भरतो, म्हणजे परिणाम वेगळा. दोघांच्याही बेरजा-वजाबाक्या बरोबर आहेत. सारख्या वजनाचा मुलगा म्हणजे मुलग्यांत हलका आणि सारख्या वजनाची मुलगी म्हणजे मुलींत जड. दोघेही आपापल्या सरासरीकडे सरकतात, एक वर आणि एक खाली. शिवाय तिथे दुसरे भोजनगृहच नाही. सगळे एकाच पंगतीत जेवले, मग आहाराचा परिणाम कशाशी ताडून पाहणार? ‘सुरुवात सारखी असती तर’ हा प्रश्न ज्या गटांबाबत मुळात नीट विचारता येत नाही, तिथे अँकोव्हा न कुरकुरता उत्तर देते.

लॉर्ड यांचे उदाहरण कल्पित होते, पण लगेचच खऱ्या आयुष्यात त्याची किंमत मोजायची वेळ आली. अमेरिकेत १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेत गरीब घरांतल्या मुलांसाठी हेड स्टार्ट हा शाळापूर्व शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६९ साली वेस्टिंगहाउस लर्निंग कॉर्पोरेशन आणि ओहायो विद्यापीठ यांनी त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. पहिली ते तिसरीत शिकणारी, पूर्वी हेड स्टार्टमध्ये गेलेली मुले एका बाजूला आणि न गेलेली दुसऱ्या बाजूला. चिठ्ठी नव्हती आणि पूर्वचाचणीही नव्हती, म्हणून घरची सामाजिक-आर्थिक स्थिती हा सहचल घेऊन समायोजन केले. निष्कर्ष निराशाजनक निघाला. केवळ उन्हाळ्यात चालणाऱ्या वर्गांचा तर उपयोग नाही, असेच ठरले. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल आणि आल्बर्ट अर्लबाकर यांनी दाखवून दिले की अशा पद्धतीच्या अभ्यासात हेड स्टार्टचा काहीही परिणाम नसता तरी तो कार्यक्रम मुलांचे नुकसान करतो असे चित्र दिसू शकते.

हे कसे घडते ते आपल्याच आकड्यांवर पाहू. समजा, नव्या पद्धतीचा खरा परिणाम शून्य आहे आणि मुलांची खरी तयारी पूर्णपणे मोजता आली असती तर चढ ०.८ आला असता. चार गुणांच्या खऱ्या दरीपैकी ३.२ पुढे उरणार, एवढ्याने ‘अ’ मागे दिसणार. पण आपल्या हातात खरी तयारी नाही, चाचणीतले गुण आहेत, आणि त्यांत नशिबाचा वाटा आहे. चाचणीची विश्वसनीयता ०.७५ असेल, म्हणजे गटाच्या आतल्या फरकांपैकी तीन चतुर्थांशच खऱ्या तयारीचा असेल, तर चढ ०.८ च्या तीन चतुर्थांशावर, ०.६ वर घसरतो. अँकोव्हा मग ४ गुणिले ०.६, म्हणजे २.४ एवढीच भरपाई करते. उरलेले ०.८ गुण ‘अ’च्या नावावर उणे पडतात. खालून सुरू झालेल्या गटाला समायोजन पूर्ण मिळत नाही, आणि ती तूट कार्यक्रमाचा दोष म्हणून वाचली जाते. घरच्या स्थितीचा निर्देशांक तर चांगल्या लेखी चाचणीपेक्षाही ढोबळ माप. वडिलांचा व्यवसाय, पालकांचे शिक्षण यांच्या चौकटींतून मुलाचे आयुष्य कितीसे पकडता येणार?

मला ही गोष्ट या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती एकाच दिशेला झुकलेली आहे. उपचारात्मक वर्ग, आश्रमशाळांतले पूरक शिक्षण, वस्तीवरची अभ्यासिका या सगळ्या गोष्टी मागे राहिलेल्या मुलांसाठीच सुरू होतात. तुलनेसाठी घेतलेली मुले बहुतेकदा त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीतली असतात. म्हणजे अपुऱ्या समायोजनाचा फटका नेमका याच कार्यक्रमांना बसतो. उलट, हुशार मुलांना निवडून घेणारी शिकवणी असेल तर तीच तूट तिच्या फायद्याची ठरते, परिणाम शून्य असला तरी अधिक दिसतो. चाचणीची विश्वसनीयता माहीत असेल तर चढ दुरुस्त करता येतो. आपल्या मूळच्या उदाहरणात ०.६ ऐवजी ०.८ घेतला की १.४ चा फरक २.२ होतो. अहवालात पूर्वचाचणीची विश्वसनीयता दिलेली नसेल आणि गट निवडून घेतलेले असतील, तर समायोजित सरासरी किती खोटी आहे हे ठरवायला वाचकाकडे काहीच उरत नाही.

चिठ्ठी टाकली तर हा प्रश्न जवळजवळ सुटतो. दोन्ही गटांच्या पूर्वचाचणीच्या सरासऱ्यांत योगायोगाचाच थोडा फरक राहतो. चढ कमी भरला तरी उत्तर एका दिशेला झुकत नाही, अचूकता तेवढी थोडी घटते. मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास असाच झाला. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. वस्तीतलीच एखादी तरुणी बालसखी म्हणून शाळेत येई आणि वाचन-गणितात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठीने ठरले होते. सुरुवातीला आणि वर्षाअखेरीस चाचण्या झाल्या. या शाळांतल्या सगळ्या मुलांचे मिळून गुण सरासरीने ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांमुळे होती.

या शेवटच्या वाक्यात अँकोव्हाची आणखी एक मर्यादा आहे. मी वर दोन्ही तुकड्यांचे चढ, ०.७ आणि ०.५, एकत्र करून ०.६ घेतला. त्यात गृहीत होते की दोन्ही रेषा समांतर आहेत, म्हणजे नव्या पद्धतीचा फायदा ८ गुणांच्या आणि २० गुणांच्या मुलाला सारखाच. पाच-पाच मुलांत ०.७ आणि ०.५ हा फरक योगायोगाचा असू शकतो. पण बालसखीसारख्या कार्यक्रमात रेषा समांतर नसणेच अपेक्षित आहे. तळाच्या मुलांना फायदा जास्त, वरच्यांना कमी, म्हणजे कार्यक्रम मिळालेल्या गटाची रेषा डावीकडून उचललेली आणि म्हणून कमी चढाची. अशा वेळी ‘समायोजित फरक अमुक इतका’ हे एकच वाक्य कोणाचेच नीट वर्णन करत नाही. रेषा एकमेकींना छेदत असतील तर मधोमध फरक शून्य दिसेल आणि तळाच्या मुलांचे भले झालेले कोणाच्या लक्षातच येणार नाही. म्हणून आधी दोन्ही गटांचे ठिपके वेगवेगळ्या खुणांनी आलेखावर टाकायचे. मग गट आणि पूर्वचाचणी यांच्या आंतरक्रियेची कसोटी घ्यायची. ती लक्षणीय असेल तर पूर्वचाचणीच्या तळाच्या, मधल्या आणि वरच्या पातळीवर फरक वेगवेगळा द्यायचा. त्याच आलेखावर दोन्ही गटांचे ठिपके आडव्या अक्षावर एकमेकांवर येतात की नाही हेही पाहून घ्यायचे. आपल्या उदाहरणात १२ ते १६ हा पट्टा दोन्हीकडे होता. ‘अ’ची सगळी मुले १२ च्या खाली आणि ‘ब’ची सगळी १६ च्या वर असती, तर १४ वरची समायोजित सरासरी एकही मूल नसलेल्या जागेची असती आणि सगळा भार रेषेच्या सरळपणावर पडला असता.

सहचल कोणता घ्यायचा याचा एक नियम मात्र वाकवता येत नाही. तो कार्यक्रम सुरू होण्याआधी मोजलेला हवा, किंवा कार्यक्रमाचा त्याच्यावर परिणाम होणे अशक्य हवे. मुलांची वर्षभरातली हजेरी वेगवेगळी होती, तर तीही समायोजित करू, असे सहज सुचते. पण बालसखी आल्यामुळे मुले शाळेत जास्त येऊ लागली असतील, तर ‘हजेरी सारखी असती तर’ असे विचारणे म्हणजे बालसखीने केलेल्या कामातला मोठा भाग वजा करून टाकणे. शेतीतही हेच होते. वाफ्यात किती रोपे उभी आहेत हा चांगला सहचल वाटतो. पण प्रयोग बीजप्रक्रियेचा असेल तर रोपे जास्त उगवणे हाच तिचा परिणाम, आणि रोपांची संख्या समायोजित केल्यावर बीजप्रक्रिया निरुपयोगी ठरते. पूर्वचाचणी म्हणूनच शिकवण्याच्या पहिल्या दिवसाआधी घ्यायची. पहिल्या आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत त्या आठवड्याचे शिकवणे आधीच उतरलेले असते, आणि समायोजन करताना तेवढे ते पुसले जाते.